फोटोत दडलेलं लोकेशन: पोस्ट करण्याआधी ते कसं बघायचं, कसं काढायचं आणि फोटोची फाइल आणखी काय काय सांगते?

नाशिकहून सावळघाट उतरून पेठकडे गेलं की गावं विखुरत जातात. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात एकेका गावाचे अनेक पाडे आहेत, आणि पाड्यातली घरंही बऱ्याचदा शेताच्या बांधावर एकेकटी असतात. अशा घराच्या अंगणात फोनने फोटो काढला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू असेल, तर त्या घराचा नेमका पत्ता फोटोच्या फाइलमध्ये लिहिला जातो. फोटोवर तो दिसत नाही, पण फाइल ज्याच्या हाती पडते त्याला तो वाचता येतो.

मुंबईत वीस मजली इमारतीत काढलेल्या फोटोचं लोकेशन फार तर इमारत दाखवतं. कितवा मजला, कोणती खोली, हे त्यातून नक्की कळत नाही. पेठच्या एखाद्या पाड्यावर मात्र तोच आकडा थेट एका घरावर बोट ठेवतो, कारण आजूबाजूला दुसरं घरच नसतं. म्हणजे शहरापेक्षा गावात ही माहिती जास्त उघडी पडते.

ही माहिती फोटोत येते कुठून, कोणत्या रस्त्याने ती बाहेर जाते आणि ती काढायची कशी, हे समजून घेऊया.

फोटोच्या आत काय लिहिलेलं असतं?

फोन फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत एक छोटी नोंदही त्याच फाइलमध्ये ठेवतो. फोटो कधी काढला, कोणत्या फोनने काढला, फ्लॅश होता का, फोन आडवा होता की उभा, असं सगळं त्यात असतं. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात, आणि ती लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीला एक्झिफ. ही पद्धत १९९५ मध्ये जपानमध्ये ठरली. हेतू साधा होता: फोटो कोणत्या सेटिंगवर काढला हे छायाचित्रकाराला नंतर कळावं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी ते एकाच भाषेत लिहावं. पुढे फोनमध्ये जीपीएस आलं आणि त्याच नोंदीत जागाही लिहिली जाऊ लागली.

पेठ परिसरात काढलेल्या फोटोतली नोंद साधारण अशी दिसेल. आकडे मुद्दाम गोल केले आहेत.

```
Date/Time Original : 2025:11:14 07:42:10
GPS Latitude       : 20 deg 15' 36.00" N
GPS Longitude      : 73 deg 30' 0.00" E
GPS Img Direction  : 250
```

दुसरी ओळ अक्षांशाची आहे: २० अंश, १५ मिनिटं, ३६ सेकंद. नकाशात टाकण्यासाठी ती दशांशात आणायची तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं. १५ भागिले ६० म्हणजे ०.२५ आणि ३६ भागिले ३६०० म्हणजे ०.०१. सगळं मिळून २०.२६. रेखांशाचे ७३ अंश ३० मिनिटं म्हणजे ७३.५. हे दोन आकडे कोणत्याही नकाशाच्या ॲपमध्ये शोधपट्टीत टाकले की टाचणी पडते. त्यासाठी हॅकर असावं लागत नाही, दहावीचं गणितसुद्धा लागत नाही. बहुतेक ॲप्स हा हिशोब स्वतःच करून नकाशा दाखवतात.

अक्षांशातला एक सेकंद जमिनीवर सुमारे ३१ मीटर असतो. नोंदीत सेकंदाचा शंभरावा भागही लिहिलेला असतो, म्हणजे कागदावर अचूकता ३० सेंटिमीटरची. प्रत्यक्षात फोनचं जीपीएस एवढं अचूक नसतं. मोकळ्या आकाशाखाली ते साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं, तर झाडीत, घाटात किंवा घराच्या आत चूक वाढते. पण घर ओळखायला पाच मीटर पुरेसे आहेत.

चौथी ओळ अनेकांना माहीतच नसते. काही फोन कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं तेही लिहितात. २५० म्हणजे पश्चिमेच्या थोडं दक्षिणेला. फोटोत एखादं दार दिसत असेल, तर ते घराच्या कोणत्या बाजूचं आहे हेसुद्धा त्यावरून कळू शकतं.

नेट बंद असेल तरी लोकेशन लागतं का?

हो. पेठसारख्या भागात हा गैरसमज जास्त घात करतो. रेंज नाही, डेटा बंद आहे, म्हणजे लोकेशनही जाणार नाही असं वाटतं. पण जीपीएस उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतं. त्याला टॉवर लागत नाही. नेट असेल तर उपग्रह लवकर सापडतात, नसेल तर वेळ लागतो, एवढाच फरक. त्यामुळे रेंजबाहेरच्या डोंगरावर काढलेल्या फोटोतही जागा लिहिली जाऊ शकते, आणि चार दिवसांनी गावात रेंज मिळाल्यावर तो फोटो पाठवला की ती सोबत जाते.

याची उलटी बाजूही आहे. जीपीएसला नवी जागा सापडली नसेल तर फोन कधी कधी आधीची जागा लिहून मोकळा होतो. म्हणजे सावळघाटात काढलेल्या फोटोवर नाशिकचं लोकेशन असू शकतं. म्हणून फोटोतलं लोकेशन म्हणजे पक्का पुरावा असंही समजू नये.

मग कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू होतं कधी?

बऱ्याचदा पहिल्यांदा कॅमेरा उघडताना एक चौकट येते आणि आपण न वाचता "Allow" दाबतो. ग्रामीण भागात आणखी एक कारण आहे: सरकारी कामं. रोजगार हमीच्या कामावर एनएमएमएस ॲपमधून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो आणि लोकेशनसह घेणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. घरकुलाचे टप्पे जागेच्या नोंदीसह फोटोने दाखवावे लागतात. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. या कामांसाठी फोनचं लोकेशन चालू ठेवावंच लागतं, आणि मग ते चालूच राहतं.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की फोनचं लोकेशन आणि कॅमेऱ्याचं लोकेशन ही दोन वेगळी बटणं आहेत. ई-पीक पाहणीसारखं ॲप स्वतःच्या परवानगीने जागा घेतं. तुमच्या रोजच्या कॅमेऱ्याची परवानगी बंद केली तरी त्या ॲपचं काम अडत नाही. त्यामुळे "लोकेशन बंद केलं तर पीक पाहणी होणार नाही" ही भीती कॅमेऱ्याच्या बाबतीत लागू पडत नाही.

सगळ्याच पोस्टमधून लोकेशन बाहेर जातं का?

नाही, आणि इथे घाबरवणारे मेसेज बऱ्याचदा अर्धीच गोष्ट सांगतात. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर फोटो टाकला की तो नव्याने लहान करून दाखवला जातो आणि त्यातली लोकेशनची नोंद गळते. तुमची पोस्ट उघडून कोणी फोटो डाउनलोड केला तर त्याला ती मिळत नाही. मात्र अपलोड करताना मूळ फाइल कंपनीपर्यंत पोहोचलेली असते. म्हणजे अनोळखी वाचकापासून माहिती लपते, कंपनीपासून नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर हेच होतं. "HD" निवडलं तरी फोटो नव्याने तयार होतो. पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, आतल्या नोंदीसकट. टेलिग्रामवरही फोटो आणि फाइल यांत असाच फरक आहे. ईमेलला जोडलेला फोटो, ड्राइव्हवर ठेवलेली फाइल, पेनड्राइव्हवर दिलेली फाइल यांतही मूळ नोंद राहते.

आता आपल्याकडची सवय आठवा. "फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, क्लिअर येतो." वाढदिवसाचा फ्लेक्स करणारा हे सांगतो, लग्नपत्रिका छापणारा सांगतो, शाळेच्या अहवालासाठी फोटो मागणारेही सांगतात. त्यांचं कारण खरं आहे, छपाईला मूळ फाइल लागते. पण लोकेशन बाहेर जाण्याचा सर्वांत रुळलेला रस्ताही हाच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाड्यावरची एक ताई नागलीचे पापड करते. ती अंगणात वाळत घातलेल्या पापडांचे पाच फोटो काढते आणि नाशिकच्या एका ग्राहक ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकते. ग्रुपमध्ये दोनशे माणसं आहेत, त्यातली बहुतेक अनोळखी. फोटोत चेहरा नाही, गावाचं नाव नाही. तरी ज्याने फाइल उघडून माहिती पाहिली त्याला तिचं अंगण नकाशावर सापडलं. पाचही फोटोंची वेळ सकाळी साडेसात ते आठच्या मधली, म्हणजे त्या वेळी ती घरी असते हेही कळलं. मोबाइल नंबर तर ग्रुपमध्ये दिसतोच. घर, वेळ आणि नंबर या तीन गोष्टी तिने कोणालाच सांगितल्या नव्हत्या, पण तिघी एकत्र बाहेर गेल्या.

तिने हेच फोटो साध्या पद्धतीने पाठवले असते तर यातलं लोकेशन गेलं नसतं. पापडाचा रंग थोडा कमी स्पष्ट दिसला असता, इतकंच.

जगात गाजलेलं उदाहरण २०१२ चं आहे. अँटिव्हायरस कंपनीमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी तेव्हा बेलीझमधून पळालेले होते. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात तिथल्या पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. डिसेंबरमध्ये व्हाइस या माध्यमसंस्थेने त्यांच्यासोबतचा फोटो वेबसाइटवर टाकला. तो आयफोनने काढलेला होता आणि आतलं लोकेशन तसंच राहिलं होतं. वाचकांनी ते वाचलं आणि ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. काही दिवसांतच त्यांना तिथे ताब्यात घेण्यात आलं. फोटो सोशल मीडियावर नव्हे, तर वेबसाइटवर मूळ रूपात गेला, हा त्यातला धागा लक्षात ठेवा. गावाची, मंडळाची किंवा शाळेची स्वतःची वेबसाइट असेल तर तिथेही हेच घडू शकतं.

आपल्या फोटोत लोकेशन आहे का, हे कसं पाहायचं?

अँड्रॉइडवर गॅलरीत फोटो उघडा आणि वर सरकवा, किंवा माहितीचं बटण दाबा. आयफोनवर फोटोखालचं "i" हे चिन्ह दाबा. नकाशा किंवा गावाचं नाव दिसलं तर लोकेशनची शक्यता आहे.

"शक्यता" म्हणायचं कारण असं की गूगल फोटोज काही वेळा अंदाजानेही जागा दाखवतं, म्हणजे फाइलमध्ये काही नसतानाही. तिथे "Estimated location" असं लिहिलेलं असतं. उलट बाजूनेही फसगत होते. अँड्रॉइड १० पासून ज्या ॲपला खास परवानगी नाही, त्याला फोन फोटोतलं लोकेशन लपवून देतो. त्यामुळे एखादं तपासणारं ॲप "लोकेशन नाही" म्हणतं, पण मूळ फाइलमध्ये ते असतं. खात्री करायची असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून घरातल्याच दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिथे उघडून पाहा. समोरच्याला जे दिसणार तेच तुम्हाला दिसेल.

पुढच्या फोटोंसाठी: कॅमेऱ्यातच बंद करा

अँड्रॉइडवर कॅमेरा उघडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. सॅमसंगमध्ये "Location tags" असतं, गूगलच्या कॅमेऱ्यात "Save location", शाओमीमध्ये "Save location info". दुसऱ्या फोनवर नाव थोडं वेगळं असेल, पण "location" हा शब्द शोधला की सापडेल. ते बंद करा.

आयफोनवर "Settings", मग "Privacy & Security", मग "Location Services", मग "Camera" आणि तिथे "Never".

हे बटण फक्त पुढच्या फोटोंना लागू होतं. गॅलरीत आधीच असलेल्या हजारो फोटोंतली नोंद त्याने पुसली जात नाही. आणि व्हिडिओ विसरू नका. व्हिडिओच्या फाइलमध्येही जागा लिहिली जाते.

जुन्या फोटोंसाठी: पाठवण्याआधी प्रत साफ करा

आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या बाजूला "Options" दिसतं. तिथे "Location" बंद केलं की पाठवलेल्या प्रतीत जागा जात नाही. मूळ फोटो तुमच्याकडे तसाच राहतो.

सॅमसंगच्या गॅलरीत फोटो वर सरकवून "Edit" दाबलं की लोकेशन काढता येतं. तुमच्या गॅलरीत अशी सोय नसेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट काढणं. स्क्रीनशॉट ही नवी प्रतिमा असते, तिच्यात कॅमेऱ्याची नोंद येत नाही. दर्जा मात्र स्क्रीनइतकाच राहतो, त्यामुळे फ्लेक्सच्या छपाईला तो चालणार नाही.

विंडोजच्या संगणकावर फोटोवर उजवं क्लिक करून "Properties", मग "Details" उघडा. खाली "Remove Properties and Personal Information" अशी ओळ आहे. त्यात माहिती काढलेली वेगळी प्रत तयार करण्याचा पर्याय निवडा. दर्जा कमी होत नाही, म्हणून छपाईच्या फोटोला हा रस्ता बरा.

एकदम शंभर फोटो साफ करायचे असतील तर एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. फोटोची दिशा राखून बाकी सगळी नोंद काढण्याची आज्ञा अशी:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -Orientation photo.jpg
```

दिशेची नोंदही पुसली तर उभा काढलेला फोटो आडवा दिसू शकतो, म्हणून ती परत घेतली आहे. यात एक सापळा आहे. हे साधन मूळ फाइल "photo.jpg_original" या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. साफ केलेला फोल्डर म्हणून तुम्ही संपूर्ण फोल्डरच पाठवला, तर लोकेशन असलेली मूळ फाइलही सोबत जाईल. पाठवायची ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या.

लोकेशन काढलं, आता उरलं काय?

वेळ उरते. एक फोटो फार सांगत नाही, पण महिनाभराच्या फोटोंच्या वेळा एकत्र ठेवल्या की दिनक्रम दिसतो: शाळेत कधी जातात, दुकान कधी बंद असतं. फोनचं मॉडेल उरतं. मोठ्या कॅमेऱ्यांच्या नोंदीत बऱ्याचदा कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही असतो. तो एकच असल्याने निनावी टाकलेला फोटो आणि नावाने टाकलेला फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत हे जुळवता येतं. कॅमेऱ्यात मालकाचं नाव भरलेलं असेल तर तेही प्रत्येक फोटोत जातं.

मोशन फोटो हा प्रकार वेगळाच. काही फोन बटण दाबण्याच्या थोडं आधीपासूनची चित्रफीत आणि आवाज फोटोच्याच फाइलमध्ये ठेवतात. फोटोत फक्त केक दिसतो, पण मागे घरात चाललेलं बोलणं त्यात असू शकतं. फाइल मूळ रूपात पाठवणार असाल तर हे बंद आहे ना ते पाहा.

जे कोणतंही ॲप काढू शकत नाही

मेटाडेटा काढण्याची मर्यादा पेठमधल्या फोटोंत फार ठळक दिसते. सरकारी कामासाठी अनेकांच्या फोनमध्ये "GPS Map Camera" सारखं ॲप असतं. ते फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, तालुका, अक्षांश, रेखांश, तारीख आणि छोटा नकाशा छापतं. ही नोंद फाइलच्या आत नसते, चित्रावरच असते. व्हॉट्सॲप ती गाळत नाही, स्क्रीनशॉटनेही ती जात नाही, एक्झिफटूललाही ती दिसत नाही. ती घालवायची तर पट्टी कापावीच लागते. कामाचा फोटो त्या ॲपने काढून झाल्यावर घरचे फोटोही त्याच ॲपने काढले जातात आणि स्टेटसला मुलांच्या फोटोखाली घराचे अक्षांश-रेखांश झळकतात.

चित्रातल्या बाकीच्या खुणाही तशाच राहतात. घरकुलाच्या भिंतीवरचा लाभार्थ्याच्या नावाचा फलक, शाळेच्या गणवेशावरचं नाव, गाडीचा नंबर, मागे दिसणारा मैलाचा दगड. दिवाळीनंतर तालुक्यातली अनेक कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला बाहेर जातात. नोंद साफ केलेला, पण "आम्ही सगळे निघालो" असं लिहिलेला फोटो घर रिकामं असल्याचं सांगतोच.

मूळ फोटो मात्र पुसू नका

काही वेळा हीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. पिकाचं नुकसान झालं, बांधावरून वाद झाला, अपघात झाला, तर फोटो कधी आणि कुठे काढला हे सांगणारी मूळ फाइल उपयोगी पडते. अशा फोटोची मूळ फाइल न बदलता जपून ठेवा आणि ज्याने ती मागितली आहे त्यालाच डॉक्युमेंट म्हणून द्या. ग्रुपवर टाकायची ती प्रत मात्र वेगळी, साफ केलेली असू द्या.